ओणमला काय म्हणायचं, पोंगलला काय

५ सप्टेंबर २०२५ला शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांमध्ये बोलणं चाललं होतं ते विसर्जनाचं: कोणते रस्ते बंद, कोणाच्या मंडळाचं पथक कधी निघणार, आरतीला कोण येणार. त्याच शुक्रवारी मल्याळी माणसाचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस होता, तिरुवोणम. शेजारच्या टेबलावरची मल्याळी सहकारी पहाटे उठून, घरी दारात फुलांची रांगोळी काढून, पायसम करून कामावर आली असेल, तरी तिला त्या दिवशी शुभेच्छा मिळाल्या असतील त्या बहुधा गणपतीच्याच.

हे दर वर्षी होत नाही, पण वारंवार होतं. त्याचं कारण पंचांगात आहे आणि ते मराठी वाचकाला चटकन समजेल असं आहे. ओणम हा चिंगम महिन्यातला सण. चिंगम म्हणजे सूर्य सिंह राशीत असतो तो महिना, साधारण १७ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर. या महिन्यात चंद्र ज्या दिवशी तिरुवोणम नक्षत्रात असतो, तो ओणमचा मुख्य दिवस. आणि तिरुवोणम म्हणजे आपलं श्रवण नक्षत्र. आपल्या श्रावण महिन्याला ज्याच्यावरून नाव मिळालं, तेच. सूर्य सिंहेत आणि चंद्र श्रवणात म्हटलं की तिथी पौर्णिमेच्या जरा अलीकडची निघते, शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंतची. म्हणून ओणम आपल्या कॅलेंडरात दोनच ठिकाणी सापडतो: एक तर नारळी पौर्णिमेच्या आसपास, नाही तर अनंत चतुर्दशीच्या आसपास. २०२३मध्ये तो २९ ऑगस्टला होता आणि नारळी पौर्णिमा ३० तारखेला. २०२४मध्ये १५ सप्टेंबरला होता आणि अनंत चतुर्दशी १७ला. २०२६मध्ये तो २६ ऑगस्टला येतो आणि नारळी पौर्णिमा लगेच त्यानंतर. नारळी पौर्णिमा साधारण २० ऑगस्टनंतर आली की ओणम तिच्याजवळ शोधावा. ती त्याआधीच होऊन गेली, तर ओणम गणपतीत येणार असं धरून चालावं. चिंगममध्ये श्रवण नक्षत्र कधी कधी दोनदा येतं आणि तेव्हा सहसा दुसरं धरतात, त्यामुळे शेवटची खात्री केरळच्या कॅलेंडरवरूनच करायची. पण इतकं माहीत असलं तरी दिवस हातून निसटत नाही.

शिवाय ओणम एका दिवसाचा नाही. अत्तम म्हणजे हस्त नक्षत्राच्या दिवशी तो सुरू होतो आणि दहाव्या दिवशी तिरुवोणम येतं. अत्तमपासून दारात पूक्कळम घालतात. ही फुलांची रांगोळी रोज थोडी वाढत जाते. तिरुवोणमच्या आदल्या दिवसाला उत्राडम म्हणतात. त्या दिवशी बाजारात जी झुंबड उडते तिला मल्याळीत स्वतःचं नाव आहे, उत्राडप्पाच्चिल, म्हणजे उत्राडमची धावपळ. केरळात उत्राडम हा पहिला ओणम, तिरुवोणम दुसरा, आणि पुढचे दोन दिवस तिसरा व चौथा ओणम. सहकारी सुट्टी घेऊन गावी जाणार असेल, तर तिला निघण्याच्या दिवशीच शुभेच्छा द्याव्यात. अत्तम उलटून गेलं असेल तर त्यात काहीच चुकीचं नाही. ती इथेच असेल, तर तिरुवोणमची सकाळ सर्वांत चांगली. आणि दिवस हुकला तरी फारसं बिघडत नाही. मुंबई-पुण्यातली मल्याळी मंडळं सभागृह मिळेल त्या रविवारी ओणमचा कार्यक्रम करतात आणि हे कार्यक्रम पुढे कित्येक आठवडे चालू असतात. त्या काळात ‘ओणम कसा झाला?’ असं विचारलं, तर उशीर झाल्यासारखं कोणालाच वाटत नाही.

आता शब्द. मल्याळीत ओणमची शुभेच्छा एका शब्दात मावते: ओणाशंसकळ्. ओणम आणि आशंसकळ् मिळून तो झाला आहे; आशंसा हा संस्कृतातला शब्द आणि ‘कळ्’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. बोलताना मधला ‘क’ सैल पडतो आणि कानाला ‘ओणाशंसगळ्’ असं ऐकू येतं. मराठी माणसाला हा उच्चार अवघड जायचं कारण नाही, कारण ‘ण’ आणि ‘ळ’ ही दोन्ही अक्षरं आपल्या तोंडात आहेत. शेवटचा ‘ळ’ आपण ‘काळ’ म्हणताना जसा अर्धवट सोडतो तसाच सोडायचा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं वाचून आपल्यातले बरेच जण ‘ओनम’ म्हणतात, आणि ज्यांच्याकडे मुळात ‘ण’ आहे त्यांनी तसं म्हणावं याचं मला वाईट वाटतं. हा शब्द ‘ओणवा’मधल्या ‘ण’ने म्हणायचा.

जास्त औपचारिक हवं असेल, म्हणजे सगळ्या चमूला उद्देशून लिहायचं असेल, तर ‘एल्लावर्क्कुम् ओणाशंसकळ्’, सगळ्यांना ओणमच्या शुभेच्छा. एकाच व्यक्तीला जिव्हाळ्याने लिहायचं तर ‘हृदयम् निरञ्ञ ओणाशंसकळ्’, मनापासून शुभेच्छा. इथे एक गोष्ट सांगायला हवी. ओणाशंसकळ् हा शब्द मल्याळी माणसं कार्डावर, संदेशात, व्यासपीठावरून जितका वापरतात तितका समोरासमोर वापरत नाहीत. समोर भेटल्यावर तीही ‘हॅपी ओणम’च म्हणतात. तेव्हा ‘हॅपी ओणम’ म्हणणं ही चूक नाही, त्यात कमीपणाही नाही. समोरासमोर मल्याळीतच काही बोलायची हौस असेल, तर एक खरा, घरगुती प्रश्न आहे: ‘सद्या कळिच्चो?’ म्हणजे सद्या जेवलात का? सद्या हे केळीच्या पानावरचं मोठं जेवण. ओणमच्या दिवशी हा प्रश्न शेजारी शेजाऱ्याला, भाऊ बहिणीला फोनवर विचारतो. यातला ‘ळ’ खरं तर आपला नाही. जीभ मागे वळवून टाळूला न टेकवता काढलेला तो आवाज आहे. आपल्या ‘ळ’ने काम भागतं आणि समोरचा लगेच ओळखतो.

जेवणाचं महत्त्व किती, तर मल्याळीत म्हण आहे की जमीनजुमला विकावा लागला तरी ओणमचं जेवण जेवावं. म्हणून सणाची चौकशी करायची तर ती जेवणाची करावी. देवळात गेला होता का, पूजा कशी झाली, असं विचारण्यात एक गफलत आहे. ओणम केरळात हिंदूंबरोबर ख्रिस्ती आणि मुसलमान घरांतही होतो. पूक्कळम, नवे कपडे म्हणजे ओणक्कोडी, आणि सद्या ही सगळ्यांची. आडनाव थॉमस किंवा वर्गीस दिसलं म्हणून शुभेच्छा द्यायच्या राहून जाऊ नयेत. सगळीच ख्रिस्ती आणि मुसलमान घरं सारख्या उत्साहाने तो करतात असं नाही; पण शुभेच्छा मिळाली म्हणून कोणी अवघडेल, असा हा सण नव्हे.

अवघडलेपण येतं ते दुसऱ्याच ठिकाणी. ओणमची कथा महाबलीची आहे. त्याच्या राज्यात सगळी माणसं सारखी होती, कोणी कोणाला फसवत नव्हतं, आणि वामनाने त्याला पाताळात धाडल्यावर वर्षातून एकदा प्रजेला भेटायला यायची परवानगी त्याने मागून घेतली. ओणम हा त्याच्या स्वागताचा दिवस. त्याला घरगुती मल्याळीत ‘मावेली’ म्हणतात. आता भाद्रपद शुद्ध द्वादशीला वामन जयंतीही असते, आणि ती ओणमला अगदी चिकटून येऊ शकते. २०१६मध्ये ओणमच्या आदल्या दिवशी एका राष्ट्रीय पक्षाच्या अध्यक्षांनी वामन जयंतीच्या शुभेच्छा दिल्या. सोबत वामनाने बळीच्या डोक्यावर पाय ठेवल्याचं चित्र होतं. त्यावर केरळात मोठा वाद झाला आणि मुख्यमंत्र्यांनी जाहीर आक्षेप घेतला. वामनाला केरळात स्थान नाही असं मुळीच नाही. कोचीजवळच्या तृक्काक्करा इथे त्याचं प्राचीन देऊळ आहे आणि ओणमचा उत्सव तिथे थाटात होतो. पण घराघरात वाट पाहिली जाते ती राजाची. म्हणून शुभेच्छेचं चित्र निवडताना पूक्कळम, वल्लंकळी म्हणजे लांब होड्यांची शर्यत, किंवा ताडपत्राची छत्री घेतलेला मावेली, यांतलं काहीही चालेल. बळीला पाताळात दाबणारं चित्र मात्र पाठवू नये.

इथे महाराष्ट्राला एक गोष्ट आयतीच उपलब्ध आहे, आणि ती फार कमी मराठी माणसं मल्याळी मित्राला सांगतात. दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे बलिप्रतिपदेला, आपल्याकडे बायका ओवाळताना म्हणतात, ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो.’ शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो. जोतीराव फुल्यांनी बळीला आपल्या विचारात मानाची जागा दिली. म्हणजे ज्या राजाची केरळ भाद्रपदाच्या सुमाराला वाट पाहतं, त्याचंच राज्य आपण कार्तिकात मागतो. ओणमच्या दिवशी हे एका वाक्यात सांगितलं तर गप्पा पुढे जातात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. ‘ओणाशंसकळ्. आमच्याकडेही बळीराजा आहे, फक्त तो दिवाळीत येतो.’ इतकं पुरतं.

काही वर्षं अशीही असतात की शुभेच्छा जपून द्याव्या लागतात. ऑगस्ट २०१८मध्ये केरळात महापूर आला तेव्हा तिरुवोणम २५ ऑगस्टला होतं. सरकारने आपले ओणमचे कार्यक्रम रद्द केले. २०२४मध्ये वायनाडच्या दरडींनंतरही सरकारी उत्सव झाला नाही. अशा वर्षी आधी गावाकडची विचारपूस करायची, सण नंतर. दुसरं कारण घरचं. वर्षभरात घरात मृत्यू झाला असेल, तर केरळात आणि तमिळनाडूत बहुतेक कुटुंबं त्या वर्षी सण करत नाहीत. आपल्याकडे म्हणतात ना, ‘यंदा आमच्याकडे सण नाही’, तसंच. सहकाऱ्याच्या घरची बातमी ठाऊक असेल तर त्या वर्षी सणाचं नावच काढू नये. ठाऊक नसेल आणि शुभेच्छेवर उत्तर आलं की ‘यंदा करत नाही’, तर कारण खोदत बसू नये. ‘माफ करा, मला कल्पना नव्हती’ एवढं म्हणून थांबावं.

पोंगलची गोष्ट वेगळी आहे. तो आपल्यापासून निसटत नाही, कारण तो संक्रांतीच्याच दिवशी येतो. तिथे चूक होते ती उलटी: जो येईल त्याला आपण ‘हॅपी पोंगल’ म्हणून मोकळे होतो.

पोंगल तमिळ माणसाचा. तै महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे कधी १४, कधी १५ जानेवारीला, सूर्यासमोर नव्या भांड्यात दूध आणि नवा तांदूळ शिजवतात. भांड्याच्या गळ्याला पानं-मुळांसकट हळदीचं रोप बांधतात, बाजूला ऊस उभा करतात, खाली कोलम म्हणजे रांगोळी असते. दूध मुद्दाम उतू जाऊ देतात, आणि ते काठावरून सांडलं की घरची सगळी माणसं ओरडतात, ‘पोंगलो पोंगल!’ ‘पोंगु’ म्हणजे उतू जाणं, उसळून येणं. सणाचं नाव त्यावरूनच. आपल्याकडे दूध उतू गेलं की आई ओरडते, आणि इथे तोच क्षण सगळे मिळून साजरा करतात. मुंबईत हे पाहायचं असेल तर पोंगलच्या सकाळी धारावीत जावं. तिथल्या तमिळ बायका रस्त्यावर ओळीने चुली मांडून भांडी चढवतात.

म्हणूनच पोंगलच्या सकाळी तमिळ घरांत फोनवर पहिला प्रश्न असतो, ‘पाल पोंगिच्चा?’ पाल म्हणजे दूध. दूध उतू गेलं का? उत्तर येतं, ‘पोंगिच्चु’, गेलं. तमिळ सहकाऱ्याला हे विचारलं तर त्याला जे वाटेल ते छापील शुभेच्छेने वाटणार नाही, कारण हा प्रश्न त्याच्या घरातला आहे. छापील शुभेच्छाही अर्थात आहे: ‘इनिय पोंगल नल्वाळ्त्तुक्कळ्’. इनिय म्हणजे गोड, नल् म्हणजे चांगलं, वाळ्त्तुक्कळ् म्हणजे शुभेच्छा. मल्याळी, कन्नड आणि तेलुगू शुभेच्छांत संस्कृत शब्द असल्याने आपल्याला अंदाज बांधता येतो. तमिळ मात्र स्वतःचा शब्द वापरतं, त्यामुळे तो पाठ करावा लागतो. मोठा वाटला तर तोडून म्हणावा: नल्, वाळ्त्, तुक्कळ्. यातला पहिला ‘ळ’ हा ‘तमिळ’ या नावातला शेवटचा ‘ळ’, तोच जीभ मागे वळवलेला आवाज. शेवटचा ‘ळ’ साधा, आपला. आणि ‘पोंगल’मधला शेवटचा ‘ल’ मात्र खरोखर ‘ल’ आहे. उत्साहाच्या भरात ‘पोंगळ’ करू नये. इतकं सगळं जमलं नाही तर ‘पोंगल वाळ्त्तुक्कळ्’ पुरे.

सण चार दिवसांचा. आदल्या दिवशी भोगी. हे नाव आपल्याला परकं नाही. आपणही त्या दिवशी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतो. तमिळ भोगीला घरातल्या जुन्या-पुराण्या वस्तू पहाटे शेकोटीत टाकतात. दुसरा दिवस मुख्य, तै पोंगल. तिसरा माट्टु पोंगल, गुराढोरांचा. शिंगं रंगवायची, हार घालायचे, म्हणजे आपला बैलपोळा, फक्त जानेवारीत. चौथा काणुम पोंगल, बाहेर पडून नातेवाइकांना भेटण्याचा. सहकारी चेन्नईला किंवा मदुरैला गेला असेल तर तो काणुम पोंगलपर्यंत परत येणार नाही हे धरून चालावं. तोपर्यंत कामाचे फोन थांबवणं हीदेखील त्याला शुभेच्छाच आहे. नुकतं लग्न झालेलं असेल तर त्यांचा पहिला पोंगल हा ‘तलै पोंगल’. त्यासाठी मुलीच्या माहेरून भांडी, ऊस, कपडे अशी भेट येते. ‘यंदा तलै पोंगल ना?’ असं विचारलं तर नवरा-नवरी दोघंही खुलतात.

एक सावधगिरी. पोंगलला तमिळ नववर्षाच्या शुभेच्छा देऊ नयेत. २००८मध्ये तमिळनाडूच्या द्रमुक सरकारने कायदा करून तैचा पहिला दिवस हाच नववर्षदिन ठरवला होता. २०११मध्ये अण्णाद्रमुक सरकारने तो कायदा रद्द केला. नववर्ष पुन्हा १४ एप्रिलच्या पुत्तांडूला आलं. या प्रश्नावर तमिळ माणसांत अजून मतभेद आहेत आणि त्यांना राजकीय रंगही आहे. सणाच्या सकाळी आपण त्यात पडू नये.

आता १४ जानेवारीची गंमत. समजा हिंजवडीच्या एका कंपनीत एका मराठी व्यवस्थापिकेच्या चमूत चार जण आहेत: एक मदुरैचा, एक विजयवाड्याची, एक हुबळीचा आणि एक त्रिशूरची. सकाळी तिने चौघांना मिळून ‘हॅपी पोंगल’ पाठवलं. मदुरैच्या माणसाचं ते बरोबर आहे. विजयवाड्याच्या मुलीचा सण संक्रांती. तो तेलुगू घरांतला वर्षातला मोठा सण, आणि त्यांच्याकडेही त्याआधी भोगी, त्यानंतर कनुम. तिला म्हणायला हवं होतं ‘संक्रांति शुभाकांक्षलु’. शुभाकांक्षा हा शब्द आपल्याला समजतोच, ‘लु’ हा तेलुगू अनेकवचनाचा प्रत्यय. हुबळीच्या माणसाचाही सण संक्रांती, आणि त्याची औपचारिक शुभेच्छा ‘संक्रांति हब्बद शुभाशयगळु’. हब्ब म्हणजे सण. पण त्याच्याकडे याहून सुंदर काहीतरी आहे. कर्नाटकात तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे एकत्र करून ‘एळ्ळु बेल्ल’ वाटतात आणि वाटताना म्हणतात, ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’. तीळगूळ खाऊन चांगलं बोला. हे आपल्याच ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’चं भावंड आहे. कन्नड सहकाऱ्याला हातावर तिळगूळ ठेवून आपलं वाक्य मराठीत म्हटलं आणि त्याचं वाक्य त्याला विचारलं, तर पाठांतराची गरजच उरत नाही.

राहिली त्रिशूरची. तिच्याकडे त्या दिवशी पोंगल नाही. केरळात त्या दिवशी शबरीमलेला मकरविळक्क असतो आणि अय्यप्पाचे भक्त तिकडे लोटतात, पण बहुतेक मल्याळी घरांत तो दिवस मोठ्या सणाचा नव्हे. तिला ‘हॅपी पोंगल’ म्हटलं की ती हसून ‘थँक्स’ म्हणते. खूण ओळखायची ती इथे: जिचा सण असतो ती पुढे काहीतरी सांगते, काय केलं, कोण आलं, जिचा नसतो ती ‘थँक्स’वर थांबते. तसं थांबलेलं दिसलं तर ‘तुमच्याकडे आज काय असतं?’ असं सरळ विचारावं. व्यवस्थापिकेला चौघांना वेगवेगळं लिहिणं शक्य नसेल, तर एकाच संदेशात ‘पोंगल आणि संक्रांतीच्या शुभेच्छा’ इतकं लिहिलं तरी कोणी बाहेर राहत नाही. त्यात कोणाचं नाव घ्यायची गरज नाही.

पण चौघं कुठले हे व्यवस्थापिकेला कळणार कसं? आडनावावरून अंदाज बांधू नये असं माझं ठाम मत आहे. अय्यर म्हटलं की आपण तमिळनाडू धरतो. पण पालक्काडचे अय्यर पिढ्यान् पिढ्या केरळात राहिलेले, घरी तमिळ बोलणारे, त्यांच्याकडे ओणमही होतो आणि पोंगलही. राव हे तेलुगू असू शकतात, कन्नड असू शकतात, कोकणी असू शकतात, आणि तंजावरचे मराठीही असू शकतात. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे दिवाण झालेले टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी घरातलेच. तमिळ माणसांत तर आडनाव बहुधा नसतंच. ‘एस. कार्तिक’मधला ‘एस’ हे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर. कंपनीच्या नोंदीत तेच ‘कार्तिक सुब्रमण्यम’ असं उलगडलेलं दिसतं आणि आपण आदराने ‘मिस्टर सुब्रमण्यम’ म्हणतो, म्हणजे त्याच्या वडिलांना हाक मारतो. त्याचं नाव कार्तिक. शुभेच्छेत ‘कार्तिक’ लिहावं, वयाने मोठे असतील तर ‘कार्तिक सर’. सलगी असेल तर तमिळमध्ये मोठ्या पुरुषाला अण्णा आणि मोठ्या बाईला अक्का. हे दोन्ही शब्द आपल्या घरांतही आहेतच. मल्याळीत त्याच जागी चेट्टन आणि चेच्ची.

तेव्हा विचारावं, आणि सणाच्या दिवशी नव्हे, आधीच कधीतरी. ‘तुमच्या घरी वर्षातला मोठा सण कोणता?’ या प्रश्नात जात विचारली जात नाही, धर्म विचारला जात नाही, गावही नाही. आणि जे समजायला हवं ते सगळं समजतं. पालक्काडची अय्यर सांगेल की आमच्याकडे दोन्ही. चेन्नईत वाढलेला मल्याळी सांगेल की आम्ही ओणम करतो, पण शेजाऱ्यांबरोबर पोंगलही. उत्तर ऐकल्यावर सणाचं नाव त्यांच्याच तोंडून एकदा म्हणवून घ्यावं आणि तसं आपण म्हणून पाहावं. मोबाइलच्या कॅलेंडरात त्या दिवसासमोर तेच नाव देवनागरीत लिहून ठेवावं. ओणमची तारीख दर वर्षी बदलते, म्हणून ती नोंद जुलैत एकदा तपासून घ्यावी. पोंगलची तपासताना १४ की १५ एवढंच पाहावं लागतं.

शुभेच्छा मनापासून गेली की मल्याळी घरून बहुधा सद्याचं आमंत्रण येतं. जायचं ठरवलं तर उपाशीपोटी जावं, कारण पानावर वीसहून जास्त पदार्थ येऊ शकतात. पान मांडताना त्याचं निमुळतं टोक आपल्या डाव्या हाताला येतं. वाढप चालू असताना पायसम वाढलं की जेवण संपलं असं समजू नये. त्यानंतरही बऱ्याच घरी ताक-भात असतो. जेवण झालं की पान वरून आपल्या बाजूला दुमडायचं. उलट्या बाजूला दुमडणं दुःखाच्या जेवणाशी जोडलेलं आहे, म्हणून तेवढं लक्षात ठेवावं. बाकी काही चुकलं तर घरची बाई स्वतः येऊन सांगते.